मदत हवी आहे: आजी-नातीच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये अडकलेय

सोसायटीच्या कार्यक्रमासाठी पाच मिनिटांची स्क्रिप्ट लिहितेय, दिवेलागणीची वेळ, आजी समईची काजळी झटकून वात पुढे सरकवतेय आणि नात विचारते, "आजी, बटण दाबलं की लाईट लागते ना, मग हा कशाला?"

आजी म्हणते, "अगं, आमच्या गावात लाईट नव्हती. अंगणात विंचूकाटा असायचा, म्हणून काळोख पडायच्या आत दिवा लावायचा, मग सगळे शुभं करोति म्हणायला बसले की कोण घरी आलं नाही ते आईला लगेच कळायचं."

इथपर्यंत जमलंय, पण नात परत म्हणते, "आता तर फोन करता येतो!" यावर आजी काय बोलेल? भाषण नकोय हं, एखादं साधं वाक्य सुचवा ना. आणि शेवटी "दिवा विझला" ऐवजी आजी "दिवा शांत झाला"च म्हणेल ना?