विषय: आरत्यांच्या वहीचं पान, कोपरा काळा येतोय

माई, म्हापसा

सगळ्यांना नमस्कार. चतुर्थीआधी आजोबांची घुमट आरत्यांची वही बाहेरगावच्या मंडळींना पाठवायची आहे, म्हणजे तुम्हाला तिथे छापून घेता येईल. शाई निळी, पानांवर पावसाळ्यातल्या दमटपणाचे तपकिरी डाग, आणि घुमटावर ठोका कुठे पडतो त्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. काल रात्री दिव्याखाली फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला, तर खालचा डावा कोपरा काळाकुट्ट झाला. कमी केला तर वरच्या ओळी फिकट राहतात. पान सोबत जोडलंय.

दादा, मस्कत

माई, एवढा खटाटोप कशाला? फोनच्या स्कॅनर अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट निवडायचं. पान सरळ होतं, कडा कापल्या जातात, कागद पांढराशुभ्र. तुमचंच पान करून पाठवतोय.

भाई, फोंडा

दादा, पान सरळ करण्यापुरतं तुमचं बरोबर आहे. चार कोपरे धरून तिरपं पान चौकोनी करणं अ‍ॅपला चांगलं जमतं. पण तुम्ही पाठवलेल्या पानाची पाचवी ओळ मूळ फोटोशी ताडून बघा. बुरशीचा ठिपका अनुस्वार होऊन बसलाय आणि शेजारचा खरा अनुस्वार गेलाय. छापील कागदावर ही सोय चालते, जुन्या हस्ताक्षरावर नाही.

माई, कोपरा काळा होतो तो तुमच्या हाताच्या सावलीमुळे. काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255 धरलं, तर तुमच्या फोटोत वरचा कागद साधारण 220 आहे आणि तिथली शाई 110. खालच्या कोपऱ्यात कोरा कागदच 120 आहे, शाई 60. म्हणजे खालचा कागद आणि वरची शाई जवळजवळ सारखीच काळी. अख्ख्या पानाला एकच कॉन्ट्रास्ट लावून दोन्हीकडे कसं जमणार? पण भागाकार करून बघा: 110 भागिले 220 अर्धा, 60 भागिले 120 सुद्धा अर्धा. प्रत्येक जागेची शाई तिथल्याच कागदाने भागली की सावली निघून जाते.

शक्य असेल तर फोटो पुन्हा काढा. दिवसा, खिडकीपाशी, उजेड बाजूने येईल असा. पानामागे काळा कागद सरकवा, मागच्या पानावरचं लिखाण कमी दिसतं. मग आधी सरळ करा आणि टेबलाची कड पूर्ण कापा. ती काळी कड राहिली तर आपोआप होणारा कॉन्ट्रास्ट तिलाच शाई समजतो.

पुढचं संगणकावर GIMP मध्ये. डागांसाठी `Colors > Components > Extract Component` मधून `RGB Red` घ्या. तपकिरी डाग तिथे फिके पडतात, निळी शाई गडद होते. मग लेयरची प्रत काढून वरच्या प्रतीला `Gaussian Blur` द्या, अक्षरं पार विरघळतील इतका, आणि तिचा `Mode` `Divide` करा. मथळ्याची जाड अक्षरं आतून पोकळ दिसली तर ब्लर कमी पडलाय. शेवटी दोन्ही लेयर एकत्र करून `Levels`. काळ्याचा बाण हळूहळू आत आणा आणि बारीक रेघा भरायला लागण्याआधी थांबा.

बाय, न्यू जर्सी

भाई, आमच्या डिचोलीच्या जागेचा जुना उतारा वकिलाला पाठवायचाय. त्यालाही हेच करू?

भाई, फोंडा

नको गं. कागदपत्राचे शिक्के, सह्या, शाईचा रंग जसाच्या तसा दिसला पाहिजे. सरळ कर, कड काप आणि रंगीत पाठव, बाकी काही नको.

माई, म्हापसा

भाई, दिवसा पुन्हा काढला. सावली गेली, डागही जवळजवळ गेले, आजोबांचं अक्षर असं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. पण तांबड्या खुणाच गेल्या! त्यांच्याशिवाय आरती वाजवणार कशी?

भाई, फोंडा

`Red` मध्ये तांबडं कागदासारखंच उजळ दिसतं, म्हणून त्या गेल्या. `RGB Green` घेऊन बघितलं. खुणा ठळक येतात, शाईही बरी, पण मधला मोठा डाग परत येतो आणि त्याखालच्या ओळी वाचायला त्रास होतो. डाग आणि पेन्सिल दोन्ही तांबूस असल्यामुळे एकाच काळ्या-पांढऱ्या पानात दोन्ही साधणं मला जमलेलं नाही. रंगीत ठेवून, डागाचाच भाग निवडून उजळ करता येईल, पण ते पानागणिक हाताने करावं लागेल.

दादा, मस्कत

आमच्याकडे प्रिंटर काळाच आहे. दोन्ही पानं पाठवा माई, `Red` चं गाणाऱ्यांना, `Green` चं घुमट-शामेळवाल्यांना. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो दाबून लहान होतो आणि अक्षरांभोवती करडा भुसा दिसतो.

माई, म्हापसा

पाठवते. डागाखालच्या ओळी कोणाला पाठ असतील तर कळवा, ताडून घेईन.