मदत हवी आहे : एकाच छातीत तीन प्रकारचे आवाज. पाणी, न्यूमोनिया की हवा?

तापीकाठ

नमस्कार. मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर आहे. इथे एक्स-रे नाही, त्यासाठी रुग्णाला तालुक्याला पाठवावं लागतं. पाठवणार आहेच, पण चिठ्ठीवर काय लिहायचं ते हातांनी आणि कानांनी ठरवता यावं म्हणून विचारते आहे.

रुग्ण पस्तिशीचा, केळीच्या बागेत मजुरी करतो. तीन आठवडे कोरडा खोकला आणि संध्याकाळी ताप. आधी उजव्या कुशीत श्वास घेताना टोचायचं. आता टोचणं कमी झालंय, पण दम वाढलाय. श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९४.

पाठीमागे उजवीकडे खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापासून तळापर्यंत ठोकलं तर अगदी डल. तिथे "एक एक एक" म्हणायला लावलं तर स्टेथोस्कोपमध्ये जवळजवळ काही येत नाही. पण पात्याच्या टोकाच्या जरा वर, साधारण दोन बोटांच्या पट्टीत, आवाज उलट मोठा आणि नाकातून बोलल्यासारखा येतो. आणि समोर उजव्या कॉलरबोनच्या खाली ठोकलं तर डाव्या बाजूपेक्षाही जास्त पोकळ वाटतं.

तळाला पाणी, मध्ये न्यूमोनिया, वर हवा असं तिन्ही एकदम असेल का? आणि एक मूळ शंका : पाण्यातून ध्वनी हवेपेक्षा चांगला जातो असं शाळेपासून शिकलो. मग छातीत पाणी असताना आवाज कमी का होतो?

इंटर्न_अमळनेर

मॅडम, सोपं आहे. डल आणि आवाज कमी म्हणजे पाणी. डल आणि आवाज जास्त म्हणजे घट्ट झालेलं फुफ्फुस. पोकळ आणि आवाज कमी म्हणजे हवा. तुमच्याकडे मधे आवाज जास्त आहे, म्हणजे तिथे न्यूमोनिया नक्की. आणि वर पोकळ म्हणजे हवा. हायड्रोन्यूमोथोरॅक्स, म्हणजे पाणी आणि हवा एकत्र, आणि न्यूमोनिया दोन्ही लिहा.

खापरावरचे_मांडे

मी डॉक्टर नाही, वाचून राहावलं नाही म्हणून लिहितो. मना बाबाले बी असंच व्हयेल व्हतं. जळगावला नेलं तर सुईने पाणी काढलं, पिवळसर होतं. डॉक्टर नुसतं पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकत खाली खाली गेले आणि पेनने रेघ मारली. मला तेव्हापासून प्रश्न आहे : पाणी फुफ्फुसाच्या आत असतं ना? मग सुई फुफ्फुसात जाते का?

निवृत्त_प्राध्यापक_धुळे

मांडेदादा, तुमच्या वडिलांचं पाणी फुफ्फुसाच्या आत नव्हतं, फुफ्फुस आणि बरगड्यांची भिंत यांच्या मधल्या फटीत होतं. सुई त्या फटीतल्या पाण्यात जाते. फुफ्फुस तेव्हा पाण्यामुळे भिंतीपासून दूर सरलेलं असतं. तापीकाठ, तुमच्या मूळ शंकेचं उत्तर याच चित्रात आहे.

आवाज कंठातून निघून श्वासनलिकेतून फुफ्फुसात येतो आणि तिथून भिंतीपर्यंत जातो. एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना दोन्ही फार वेगळी असतील तर बराचसा ध्वनी सीमेवरच परत फिरतो. निरोगी फुफ्फुस हे हवेच्या कोट्यवधी बुडबुड्यांचं असतं, त्यामुळे त्याच्या आतच ठिकठिकाणी अशा सीमा असतात. वरच्या पट्टीचे सूर तिथे मरतात, खालच्या पट्टीची गुणगुण तेवढी भिंतीपर्यंत पोहोचते. म्हणून निरोगी छातीवर शब्द ऐकू येतात पण कळत नाहीत.

न्यूमोनियात तेच बुडबुडे स्रावाने भरतात. मोठ्या श्वासनळ्या उघड्या असतात, त्यांना लागून घट्ट मांस, आणि मांसाला लागून छातीची भिंत. वाटेत मोठी सीमाच उरत नाही. वरचे सूरही पोहोचतात, शब्द स्पष्ट होतात, कुजबूजसुद्धा कळते. कुजबुजीत खालची पट्टी नसतेच, म्हणून ती फक्त घट्ट फुफ्फुसातून नीट येते. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि तीच लोक करत नाहीत.

पाण्यात काय होतं? पाणी स्वतः ध्वनीला अडवत नाही, तुमचं शाळेतलं बरोबर आहे. पण हवेने भरलेल्या फुफ्फुसातून पाण्यात शिरतानाच ध्वनी परत फिरतो, आणि पाण्याने ते फुफ्फुस भिंतीपासून लांबही ढकललेलं असतं. म्हणजे अडथळा वाटेवर नाही, दारात आहे. न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे त्या फटीत हवा शिरली तरी तेच, फक्त सीमा उलट बाजूने : फुफ्फुसातून मोकळ्या हवेत, मग हवेतून भिंतीत. म्हणून पाणी असो वा हवा, आवाज दोन्हीकडे कमी होतो. ठोकल्यावर मात्र ती एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, कारण ठोकताना आपण फक्त भिंत आणि तिच्या खालचे काही सेंटिमीटर हलवत असतो. खाली हवा असेल तर ती भिंत खुली कंप पावते, पाणी असेल तर कंप तिथल्या तिथे विझतो आणि बोटाला कठीणपणा जाणवतो. त्या जाणिवेकडे कानाइतकंच लक्ष द्या.

आता तुमचा रुग्ण. माझ्या मते इथे तीन आजार नाहीत, एकच आहे. तळाला पाणी. पाण्याच्या वरच्या काठाला त्याची जाडी कमी होते आणि तिथलं फुफ्फुस दाबून घट्ट झालेलं असतं, नळ्या मात्र उघड्या. म्हणून त्या दोन बोटांच्या पट्टीत आवाज वाढतो आणि बकरीसारखा किनरा होतो. पडताळायचं असेल तर "एक एक एक" नको, लांब "ई" म्हणायला लावा. त्या पट्टीत तो "ए" ऐकू येईल. "एक"मध्ये "ए" आधीच आहे, त्यात हा बदल सापडत नाही.

कॉलरबोनखालचा पोकळपणा हाही पाण्याचाच परिणाम असू शकतो. खालून दाब आला की वरचं फुफ्फुस सैल पडतं आणि ठोकल्यावर जास्त पोकळ वाजतं. यालाच स्कोडाचा रेझोनन्स म्हणतात. ती हवा आहे की सैल फुफ्फुस, हे ठोकून कळणार नाही. तिथे कान लावा. श्वासाचा आणि बोलण्याचा आवाज येत असेल तर न्यूमोथोरॅक्स नव्हे. दोन्ही गायब असतील तर मात्र वेगळा विचार.

इंटर्न_अमळनेर

सर, मग माझा तक्ता चुकीचा का? परीक्षेत तर हेच चालतं.

निवृत्त_प्राध्यापक_धुळे

तक्ता चुकीचा नाही, अर्धा आहे. घट्ट फुफ्फुसात आवाज वाढतो तो नळी उघडी असेल तरच. गाठीने किंवा चिकट स्रावाने नळी बंद झाली तर फुफ्फुस घट्ट असूनही आवाज कमी येतो, आणि तुमच्या तक्त्याप्रमाणे ते पाणी ठरतं. अशा वेळी श्वासनलिका बघायची. कोलमडलेलं फुफ्फुस तिला आपल्या बाजूला ओढतं, भरपूर पाणी तिला पलीकडे ढकलतं. पाणी कमी असेल तर ती मध्येच राहते, मग हीही खूण मुकी. आणि फुफ्फुसाचा वरचा भाग, म्हणजे वरचा लोब, कोलमडला तर नळी बंद असूनही आवाज वाढलेला मिळू शकतो, कारण तो श्वासनलिकेला चिकटून असतो.

आणि तापीकाठ, टोचणं कमी होऊन दम वाढला हे तुम्ही लिहिलंत, ते फार मोलाचं आहे. दोन आवरणं एकमेकांवर घासत होती तोवर टोचत होतं. मधे पाणी आल्यावर ती दूर झाली.

सोनोग्राफी_नंदुरबार

प्राध्यापकांचं सगळं मान्य, एक गोष्ट सोडून. ३०० मिलीच्या आसपास पाणी साचेपर्यंत ठोकून काही कळत नाही, सोनोग्राफीचा प्रोब त्याआधीच दाखवतो. आणि उजवीकडे डल लागलं तर यकृत आहे की पाणी हे चाचपडत बसण्यात अर्थ नाही. ठोकून रेघ मारायची आणि तिथे सुई घालायची हे मला आता पटत नाही. पाण्यात पडदे असतील तर बोटाला ते कळणारच नाहीत.

निवृत्त_प्राध्यापक_धुळे

पडद्यांचं खरं आहे. प्रोब असेल तिथे प्रोबशिवाय सुई घालू नये, मीही हेच म्हणेन. पण या केंद्रात प्रोब नाही आणि इथे सुई घालायचीही नाही. यकृत की पाणी, हे मात्र हाताला कळतं. समोर कॉलरबोनच्या मध्यरेषेवर यकृताचा डलपणा साधारण सहाव्या बरगडीपाशी सुरू होतो आणि खोल श्वास घेतला की खाली सरकतो. पाण्याची रेषा श्वासाबरोबर अशी सरकत नाही, आणि ती काखेत सगळ्यात उंच असते. तापीकाठ, काखेतून वरून खाली ठोकत या, मोकळ्या आवाजाकडून डलकडे. बोट बरगड्यांच्या मधल्या फटीत घट्ट दाबा, बाकीची बोटं त्वचेपासून उचललेली ठेवा, नाहीतर तीच कंप खातात. प्रत्येक पायरीवर लगेच दुसऱ्या बाजूला तिथेच ठोका. एका बाजूचं एकट्याचं ऐकून काही ठरत नाही.

तापीकाठ

केलं. काखेत रेषा पाठीपेक्षा दोन फटी वर आहे. खोल श्वासात सरकत नाही. बसवून, मग डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा ठोकलं, फारसा फरक वाटला नाही. "ई" त्या पट्टीत स्पष्ट "ए" झाला, सोबतच्या नर्सनेही ऐकला. रुग्णाला फक्त पावरी बोली येते, पण "ई" म्हणून दाखवल्यावर लगेच म्हणाला. कॉलरबोनखाली श्वासाचा आवाज आहे, बोलण्याचाही आहे. श्वासनलिका मला मध्येच वाटते, मात्र हृदयाचा ठोका किंचित डावीकडे लागला.

चिठ्ठीवर उजव्या बाजूचं पाणी, क्षयाची शंका, एक्स-रे आणि सोनोग्राफी असं लिहून रुग्णवाहिकेने पाठवलं.

निवृत्त_प्राध्यापक_धुळे

योग्य. हवा आणि पाणी दोन्ही एकत्र असतं तर बसल्यावर वरची रेषा सरळ आडवी लागली असती, काखेत उंच नाही, आणि कुशीवर झोपल्यावर ठळकपणे हलली असती.

खापरावरचे_मांडे

बाबांचं पाणी एकदम सगळं काढलं नव्हतं. अर्धवट का सोडलं, असं आम्ही डॉक्टरांना रागाने विचारलं होतं.

सोनोग्राफी_नंदुरबार

मुद्दाम थांबतात, दादा. सहसा एका वेळी लिटर-दीड लिटरच्या पुढे जात नाहीत. दबलेलं फुफ्फुस फार झपाट्याने फुगलं तर त्यातच पाणी भरू शकतं. काढताना छातीत घट्टपणा आला किंवा खोकल्याची उबळ आली तरी तिथेच थांबवतात.

तापीकाठ

एक्स-रेत उजवीकडे पाणी दिसलं, हवा नाही. तिथल्या डॉक्टरांनी प्रोबने जागा बघून पाणी काढलं, गव्हाच्या काडीच्या रंगाचं. एडीए आणि सीबीनॅट या क्षयाच्या तपासण्यांसाठी पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.

आज तपासलं तर दम कमी, किनरा आवाज गेलेला. पण अगदी तळाला तळहाताएवढ्या जागेत अजून डल आहे आणि आवाजही कमी. उरलेलं पाणी की आवरण जाड झालंय?

निवृत्त_प्राध्यापक_धुळे

ठोकून आणि ऐकून या दोघांत फरक करता येत नाही, दोन्ही डल आणि दोन्ही मुके. जागेच्या कडेला पेनने खूण करा आणि पुढच्या भेटीत तुलना करा. डलपणा वर चढला तर पाणी पुन्हा साचतंय, लगेच प्रोबकडे पाठवा. आणि रिपोर्टमध्ये सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं धरू नका, या पाण्यात जंतू फार थोडे असतात. एडीए ४० च्या वर आणि लिम्फोसाइट जास्त असतील तर तो धागा सोडू नका.

इंटर्न_अमळनेर

सर, कुजबुजीची खूण मी आज वॉर्डात एका न्यूमोनियाच्या आजीवर करून पाहिली. शब्द कळले. पण डाव्या बाजूला मानेजवळ, पाठीच्या कण्याला लागून निरोगी ठिकाणीही थोडे कळल्यासारखे वाटले. हे कसं?

निवृत्त_प्राध्यापक_धुळे

तिथे श्वासनलिका आणि मोठ्या नळ्या जवळ आहेत. पात्यांच्या मधल्या जागेत निरोगी माणसालाही असं होतं, उजवीकडे जरा जास्तच. दोन-चार धडधाकट मित्रांच्या पाठीवर आधी ऐका, मग आजीकडे परत जा.