‘देवी’ म्हणायचं की ‘सर्दी’? कोंबडीचं तोंड सुजलं तर नेमका शब्द कोणता

वैशाली, दिंडोरी: आमच्या सासूबाई कोंबडीच्या तोंडावर काहीही दिसलं की ‘देवी आल्या’ म्हणतात आणि मेडिकलवाला त्यालाच सर्दी म्हणतो. माझ्याकडे १४ गावरान आहेत, परवा दोघींचे डोळे सुजले, आज पाच झाल्या, नाकातून चिकट पाणी येतंय आणि जवळ घेतलं तर सडका वास मारतोय. अंडी पण निम्म्यावर आलीत. हे दोन शब्द एकाच रोगाचे आहेत का वेगळे?

सुनील: देवीचा रोग तर जगातून कधीच गेला, १९८० ला जाहीर झालं की. मग कोंबड्यांना कुठून आला?

नाना, सिन्नर: सुनीलभाऊ, तो माणसांच्या देवीचा. कोंबडीची देवी वेगळ्याच विषाणूची, माणसाला होत नाही, फोड तसे दिसतात म्हणून नाव पडलं असावं. वैशालीताई, दोन्ही रोग वेगळे आहेत. देवीत तुऱ्यावर, चोचीखाली लोंबतं त्या लाल मांसावर, पापणीच्या कडेला आधी बारीक पुटकुळ्या येतात, मग मसूर-तुरीएवढे खडबडीत फोड आणि शेवटी काळपट खपली. बोट फिरवलं की हाताला लागतं. सर्दीत, ज्याला डॉक्टर कोरायझा म्हणतात, कातडी गुळगुळीतच राहते पण डोळ्याखालचा गाल फुगतो आणि वास येतो. अजून एक, देवी कळपात सावकाश पसरते, एक झाली की आठवड्याने दुसरी. तुमच्याकडे दोनाच्या पाच दोन दिवसांत झाल्या, मला कोरायझाच वाटतो.

राजू, निफाड: माझा अनुभव सांगतो, गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या आठ कोंबड्यांच्या तुऱ्यावर खपल्या आल्या, मी पाण्यातून अँटिबायोटिक दिलं आणि तीन आठवड्यांत सगळ्या बऱ्या झाल्या. म्हणजे देवीला औषध आहे, उगाच घाबरू नका.

नाना, सिन्नर: राजूदादा, खपल्या दोन ते चार आठवड्यांत आपोआपच गळतात, औषध दिलं नसतं तरी गळाल्या असत्या. देवी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, फोडात पू झाला तर त्या पूपुरता उपयोग. कोरायझा जिवाणूचा असल्याने तिथे मात्र ते लागू पडतं. म्हणूनच शब्द नीट वापरा म्हणतोय, ‘देवी’ म्हणून कोरायझाच्या कोंबडीला नुसता कडुलिंब बांधून ठेवतात आणि तेवढ्या दिवसात सगळं खुराडं आजारी पडतं.

मधुरा: पण देवी तोंडाच्या आतपण होते ना? आमच्या एका कोंबडीला वरून काहीच नव्हतं, चोच उघडून श्वास घेत होती.

नाना, सिन्नर: बरोबर बोललीस. त्यात चोच उघडून बघावं लागतं, आत जिभेवर, घशात पिवळट पांढरा थर दिसतो, ओढायला गेलं तर खालून रक्त येतं. ओढू नका. तो घशात वाढला की कोंबडी गुदमरून मरते, तुऱ्यावरच्या देवीत मात्र मरतूक कमी.

वैशाली, दिंडोरी: आत्ताच एकेकीची चोच उघडून बघितली, थर नाही, तुरा पण साफ आहे. आता काय करू?

नाना, सिन्नर: आजारी पाच आजच वेगळ्या करा, डालगं दुसऱ्या कोपऱ्यात, भांडं वेगळं, आणि आधी निरोगींना दाणापाणी मग आजारींना. कोरायझा पाण्याच्या भांड्यातूनच जास्त फिरतो, रोज घासून उन्हात सुकवा. डोळे कोमट मिठाच्या पाण्याने कापसाने पुसा, चिकटले की तिला दाणा दिसतच नाही, भुकेनेच खंगते. औषध आणि डोस पशुवैद्यकाकडून घ्या, आणि तेवढ्या दिवसांची अंडी विकू नका खाऊ नका, किती दिवस ते त्यांनाच विचारा.

राजू, निफाड: बऱ्या झाल्यावर परत एकत्र सोडायच्या ना?

नाना, सिन्नर: इथंच लोक फसतात. कोरायझातून उठलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते पण रोग अंगात बाळगू शकते, नवीन तलंग आणून सोडली की ती आठवड्यात आजारी. त्यामुळे तो गट तसाच ठेवा नाहीतर सगळा संपवून, खुराडं धुऊन आठवडाभर रिकामं ठेवून नवीन भरा. देवीचं उलट, एकदा होऊन गेलेलीला सहसा परत होत नाही, पण गळलेल्या खपलीत विषाणू महिनोन्महिने टिकतो, खपल्या झाडून जाळा. तिला लस आहे, पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात, सहा-आठ आठवड्यांच्या पिलाला. सात ते दहा दिवसांनी तिथे गाठ दिसली तर लस लागली, नाही दिसली तर परत टोचा. डासांचा बंदोबस्त पण करा, देवी त्यांच्यामुळेही पसरते.

मधुरा: मग कोरायझाला मराठीत काय म्हणायचं? साधी सर्दी म्हटलं की लोक दुर्लक्षच करतात.

सुनील: ‘शेंबडी’ म्हणा, वासासकट डोळ्यासमोर येतं.

नाना, सिन्नर: आमच्याकडे ‘डोळं सुजलं’ एवढंच म्हणतात, पण देवीत पापणीवर फोड आला तरी डोळा सुजतोच, त्यामुळे त्यानेही घोळ मिटत नाही. दोन्ही रोग एका वेळी पण होतात, तेव्हा तर मी पण चुकलोय.

वैशाली, दिंडोरी: डॉक्टर उद्या सकाळी येतायत. सासूबाईंना आत्ता तुऱ्यावर बोट फिरवून दाखवलं, त्या म्हणाल्या “गुळगुळीत आहे, मग देवी नाय ही.” पण कोरायझा शब्द त्यांच्या तोंडात काही बसेना, त्या आता ‘वासाची सर्दी’ म्हणतायत.