अनुभव धागा: आजारपणासाठी पीएफमधून रक्कम काढताना अर्जात काय लिहावं, कोणते कागद जोडावेत

घरात कुणी दवाखान्यात असताना पीएफ कार्यालयाला अर्ज लिहायची वेळ येते. तेव्हा नेमकं कारण काय लिहायचं, किती रक्कम मागायची आणि पुरावा म्हणून काय जोडायचं, इथेच बहुतेक अर्ज अडतात. ज्यांनी असे अर्ज भरले, तपासले किंवा मंजूर करून घेतले आहेत, त्यांनी बारकाव्यांसह लिहावं. नोकरी सुटल्यानंतर पूर्ण पैसे काढण्याचा विषय इथे नको.

आस्थापना_विभाग

कारखान्याच्या कार्यालयात पीएफचं काम बघते, तिथून सांगते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मधल्या परिच्छेद ६८-जे खाली हा अग्रिम मिळतो. तो परत भरावा लागत नाही. लग्नासाठी सात वर्षं सभासदत्व लागत असे, तशी अट इथे नव्हती. म्हणून नवीन लागलेला मुलगाही अर्ज करू शकत असे.

६८-जे मधली कारणं ठरलेली आहेत: सभासद स्वतः एक महिना किंवा जास्त काळ रुग्णालयात दाखल असणं, मोठी शस्त्रक्रिया, किंवा क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात, कर्करोग, मानसिक आजार, हृदयविकार. कुटुंबातल्या माणसासाठी मोठी शस्त्रक्रिया आणि हे आजार चालतात, पण महिनाभर दाखल असण्याचं कारण फक्त सभासदाचं स्वतःचं. अर्जात नुसतं ‘वैद्यकीय खर्चासाठी’ लिहू नका. ‘आईच्या हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी’ असं लिहिलं, की तपासणाऱ्याला ते कोणत्या कारणात बसतं ते लगेच कळतं.

रकमेचं गणित एका उदाहरणाने सांगते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २१,५०० रुपये. सहा महिन्यांचे झाले १,२९,०००. पासबुकात कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा व्याजासह १,६२,४००. रुग्णालयाचा अंदाज २,३५,०००. सहा महिन्यांचा पगार आणि स्वतःचा हिस्सा यांपैकी जो आकडा कमी, तेवढंच मिळतं, म्हणजे १,२९,०००. पासबुकातली मालकाच्या हिश्श्याची आणि पेन्शनची बेरीज करून लोक तीन-साडेतीन लाख लिहितात. जास्त आकडा लिहून जास्त मिळत नाही.

सुहास_नगर

इतकं कशाला? आता वैद्यकीय सर्टिफिकेट लागतच नाही. पोर्टलवर Illness निवडा, रक्कम टाका, ओटीपी द्या, काम झालं. आणि सहा महिन्यांच्या पगाराची अटही गेली, ७५ टक्के मिळतात.

आस्थापना_विभाग

सुहासजी, पहिलं निम्मं बरोबर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सभासदाचं स्वयंघोषणापत्र पुरतं, डॉक्टरचा दाखला अपलोड करावा लागत नाही. आजारपणाच्या दाव्यांची आपोआप मंजुरीची मर्यादाही वाढत गेली: एप्रिल २०२४ मध्ये ५० हजारांवरून एक लाख, नंतर जून २०२५ मध्ये पाच लाख. पण घोषणा सभासदाच्या नावाने आहे. ती खरी असल्याचे कागद घरच्या फाइलमध्ये ठेवलेच पाहिजेत, कारण दावा आपोआप मंजुरीतून बाहेर पडून माणसाच्या टेबलावर गेला की तेच मागितले जातात.

७५ टक्क्यांचं म्हणाल तर १३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय विश्वस्त मंडळाने नवी चौकट मंजूर केली. त्यात सगळी कारणं तीन गटांत आणली, मालकाच्या हिश्श्यालाही हात लावता येतो, २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवायची आणि बारा महिन्यांची सेवा हवी, असं ठरलं. मंडळाचा निर्णय वेगळा आणि तुमच्या दाव्याच्या दिवशी लागू असलेला नियम वेगळा. अर्ज करताना पोर्टलवर पात्र रक्कम किती दिसते तीच धरा, आणि कागदी अर्ज असेल तर कार्यालयातून खात्री करा. वर्तमानपत्रातल्या आकड्यावर रुग्णालयाला शब्द देऊ नका.

देशपांडे_काका

आमच्याकडे अर्ज कार्यालयप्रमुखांकडे जातो आणि निम्म्याहून जास्त रक्कम सहज मिळते. तिथे हे सगळं कुणी विचारत नाही.

मनीषा_व

काका, ते सरकारी नोकरांचं जीपीएफ. इथे खाजगी नोकरीतल्या ईपीएफबद्दल चाललंय, नियम आणि कार्यालय दोन्ही वेगळे.

माझा प्रश्न असा: भावाचं कर्करोगाचं ऑपरेशन आहे आणि तो माझ्यावरच अवलंबून आहे. मला माझ्या पीएफमधून काढता येईल का?

दावा_सल्लागार

मनीषाताई, भाऊ या योजनेच्या ‘कुटुंब’ व्याख्येत येत नाही. स्त्री सभासदासाठी पती, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, पतीचे अवलंबून असलेले आईवडील आणि मृत मुलाची पत्नी व मुलं. पुरुष सभासदासाठी पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील आणि मृत मुलाची पत्नी व मुलं. म्हणजे सासूच्या आजारासाठी सून अर्ज करू शकते, जावई नाही. भावासाठी अर्ज करून कारणात ‘स्वतःचा आजार’ लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिलावर नाव भावाचं असतं, घोषणा खोटी ठरते. भाऊ स्वतः कुठे नोकरीला असेल तर त्याचं स्वतःचं खातं बघा.

आता कागदी अर्जाबद्दल, कारण त्यावर फारसं कुणी लिहीत नाही. सभासदच अतिदक्षता विभागात असतो, किंवा आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद असतो, आणि ओटीपी येत नाही. तेव्हा कंपोझिट क्लेम फॉर्म घ्या. यूएएन आधार आणि बँक खात्याशी जोडलेला असेल तर ‘आधार’ प्रकारचा फॉर्म, त्यावर मालकाची सही लागत नाही. जोडलेला नसेल तर ‘नॉन-आधार’ प्रकार, त्यावर मालकाची साक्षांकित सही हवी. फॉर्ममध्ये पत्राइतकी जागा नसते, म्हणून एक पानाचं पत्र जोडा. मजकूर एवढाच पुरतो:

प्रति, मा. क्षेत्रीय भविष्य निधी आयुक्त (खातं ज्या कार्यालयाकडे आहे ते).
विषय: परिच्छेद ६८-जे अन्वये आईच्या हृदय शस्त्रक्रियेसाठी अग्रिम मिळणेबाबत.
महोदय, माझा यूएएन अमुक व सभासद क्रमांक अमुक आहे. माझ्या आईस (नाव, वय, माझ्यावर अवलंबून) हृदयविकार असून अमुक रुग्णालयात अमुक तारखेस बायपास शस्त्रक्रिया ठरली आहे. रुग्णालयाचा खर्च अंदाज रु. २,३५,००० आहे. माझ्या पात्रतेनुसार रु. १,२९,००० अग्रिम माझ्या यूएएनशी जोडलेल्या बँक खात्यात जमा करावा. सोबत: फॉर्म, खर्च अंदाज, डॉक्टरांचा दाखला, आधारची प्रत, नातेसंबंधाचा पुरावा.

पत्र तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या कार्यालयात द्यायचं असं नाही. सभासद क्रमांकाची सुरुवात बघा: PUPUN असेल तर पुणे, THTHA असेल तर ठाणे. नोकरी ठाण्याची आणि रुग्ण सोलापूरला असेल तर पत्र ठाण्यालाच. प्रत्येक पानावर यूएएन लिहा, पाकिटातून कागद वेगळे झाले तरी सापडतात. पोचपावती घ्या, पोस्टाने पाठवलं तर स्पीड पोस्टने.

बिलिंग_काउंटर

रुग्णालयाकडून मिळणाऱ्या कागदाबद्दल मी सांगतो. ‘एस्टिमेट’ द्या म्हटलं की काउंटरवर छापील पॅकेजची पावती हातात देतात. त्यावर आजाराचं नाव नसतं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर दाखला मागा. त्यात रुग्णाचं पूर्ण नाव आधारवर आहे तसंच, निदान, शस्त्रक्रियेचं नाव, दाखल होण्याची तारीख, अंदाजे खर्च, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही आणि रुग्णालयाचा शिक्का, एवढं पाहिजे. निदान लघुरूपात नको. ‘सीएबीजी’ लिहिलं असेल तर शेजारी पूर्ण नाव लिहून घ्या, वाचणारा डॉक्टर नसतो.

आईचं नाव एका कागदावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असलं, तर रुग्णालयाच्या नोंदणीतच दुरुस्त करून घ्या. डिस्चार्जनंतर बदल करणं वेळखाऊ होतं.

दावा_सल्लागार

तातडीच्या प्रसंगी १ जून २०२१ चं परिपत्रक कामी येतं. जिवावर बेतलेल्या आजारात अचानक दाखल व्हावं लागलं, तर खर्च अंदाजाशिवाय एक लाखापर्यंत अग्रिम देण्याची त्यात सोय आहे. सभासद किंवा त्याच्या कुटुंबातल्या माणसाने रुग्णाचा आणि रुग्णालयाचा तपशील देऊन, अंदाज मिळालेला नाही असं स्पष्ट लिहून पत्र द्यायचं. रुग्णालय सरकारी, सार्वजनिक उपक्रमाचं किंवा सीजीएचएसच्या यादीतलं असावं. खाजगी रुग्णालय असेल तर सूट मिळावी अशी विनंती त्याच पत्रात करा. डिस्चार्जनंतर ४५ दिवसांत बिलं द्यायची असतात. ती तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून ठेवा.

नाकारला_दावा

पोर्टलवरचा दावा नाकारला गेला तर काय लिहायचं? कुणी सांगतं तोच पुन्हा भरा.

आस्थापना_विभाग

आधी Track Claim Status मध्ये नाकारण्याचं कारण वाचा. नेहमीची तीन. आधार आणि यूएएनमध्ये नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही: तिथे आधी दुरुस्ती करावी लागते, पत्राने भागत नाही. बँकेचं विलीनीकरण झाल्यामुळे आयएफएससी बदलला: पोर्टलवर नव्याने केवायसी करा. तिसरं, जुन्या नोकरीची रक्कम वेगळ्या सभासद क्रमांकात पडून आहे: आताच्या खात्यात हिस्सा कमी दिसतो म्हणून पैसे कमी येतात, आणि लोकांना वाटतं कार्यालयाने कापले. आधी हस्तांतर, मग अग्रिम.

हे सगळं ठीक असूनही नाकारलं असेल तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा. दावा क्रमांक, नाकारल्याची तारीख, कारण जसंच्या तसं, आणि त्या एका कारणाचं उत्तर देणारा कागद, एवढंच लिहा. आजारपणाची सगळी हकीकत लिहिली की मुद्दा शेवटच्या ओळीत जातो आणि उत्तर ‘पुन्हा दावा दाखल करा’ असं ठरावीक येतं.

कंपनीचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असेल तर अर्ज ट्रस्टकडे करायचा असतो. पगारपत्रकावर किंवा मनुष्यबळ विभागात हे आधी विचारा, नाहीतर पीएफ कार्यालयातून अर्ज परत येईपर्यंत दिवस जातात.

सुहास_नगर

बरं, एक विचारतो. पत्नीचं सिझेरियन ‘मोठी शस्त्रक्रिया’ धरतात का? वडिलांचा मोतीबिंदू?

दावा_सल्लागार

‘मोठी’ कशाला म्हणायचं याची यादी योजनेत नाही. मोतीबिंदूसाठी माझ्याकडच्या अर्जांवर आक्षेप येताना पाहिले आहेत. सिझेरियनबाबत मात्र डॉक्टरांच्या दाखल्यावर बरंच अवलंबून असतं.

बिलिंग_काउंटर

मला वाटतं सिझेरियन मोठीच शस्त्रक्रिया. भूल देऊन पोट उघडतात, शिवाय आमच्या दाखल्यात डॉक्टर स्वतः तसं लिहितात.

आस्थापना_विभाग

ऑनलाइन स्वयंघोषणेत हा प्रश्नच येत नाही, म्हणून कुणाचं मंजूर झालं म्हणजे नियमात बसतं असं धरू नका. कागदी अर्ज असेल तर दाखल्यात ‘मोठी शस्त्रक्रिया’ हे शब्द आणि ती का करावी लागली ते एका ओळीत लिहून घ्या. मोतीबिंदूसाठी मी अर्ज करायला सांगत नाही.