मदत हवी आहे: पाच ठिकाणची देणी, पगार घटला. सगळ्यांशी मिळून एकच हप्ता ठरवता येतो का? (ऐरोली)

वैदेही_ऐरोली

नमस्कार. आम्ही ऐरोलीत भाड्याने राहतो, नवरा रबाळे एमआयडीसीत नोकरीला. दिवाळीनंतर कंपनीने ओव्हरटाइम आणि नाइट शिफ्ट बंद केली, त्यामुळे हातात येणारा पगार ४६ हजारांवर आलाय. घरभाडं, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं आणि किराणा धरून २८ हजार लागतातच. उरतात १८. द्यायचे असतात ३०.

बँकेच्या पर्सनल लोनचे ३ लाख बाकी आहेत, हप्ता ११ हजार. फायनान्स कंपनीचे १ लाख २० हजार, हप्ता ६ हजार. एका क्रेडिट कार्डावर १ लाख २० हजार आणि दुसऱ्यावर ६० हजार, दोन्हींचं मिनिमम ड्यू मिळून ९ हजार. शिवाय पतसंस्थेचे १ लाख, हप्ता ४ हजार, आणि त्याला नवऱ्याच्या कंपनीतलेच दोघे जामीन आहेत.

वाशीच्या एका ऑफिसातून फोन येतात. ४५ हजार फी द्या, सगळे हप्ते थांबवा, आम्ही ४० टक्क्यांत सेटलमेंट करून देतो म्हणतात. आम्हाला पैसे बुडवायचे नाहीत, फक्त वेळ हवाय. सगळ्यांशी एकदाच बोलून १८ हजारांत बसवता येईल का?

संदीप_कळवा

ताई, गृहकर्ज दुसऱ्या बँकेत फिरवा, मी तेच केलं. व्याज पाऊण टक्क्याने उतरलं. टॉप-अपही मिळाला, त्यातून कार्ड भरून टाकलं.

वैदेही_ऐरोली

दादा, आमचं घर भाड्याचं आहे, गृहकर्ज नाही.

रोहन.घणसोली

यासाठी कायदा आहे की. २०१६ चा दिवाळखोरी कायदा. अर्ज केला की सगळ्या बँकांना एकत्र बसावंच लागतं आणि तोवर कुणी वसुलीला येऊ शकत नाही. वकील गाठा.

देशमुख_ठाणे

मी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली, निवृत्तीनंतर कर्जदारांची कागदपत्रं बघून देतो, पैसे घेत नाही.

रोहन, कायद्यात तो भाग आहे, पण तो लागू झालाय फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, डिसेंबर २०१९ पासून. पगारदार कर्जदारासाठी ते दार अजून उघडलेलं नाही. त्यामुळे सगळ्यांना बांधणारा एकच करार आपल्याकडे होत नाही. अग्रणी बँकेच्या वित्तीय साक्षरता केंद्रात समुपदेशन फुकट मिळतं, जरूर जा. हिशेब मांडून देतील, पण बँकेवर सक्ती तेही करू शकत नाहीत.

वैदेहीताई, मग करायचं ते असं. करार पाच, पण कागद एकच. पतसंस्था क्षणभर बाजूला ठेवू. बाकी चौघांचे मिळून ६ लाख आणि तुमच्याकडे उरतात १४ हजार. ज्याचं जितकं येणं, त्या प्रमाणात वाटा: बँकेला ७ हजार, फायनान्स कंपनीला २,८००, मोठ्या कार्डाला २,८००, छोट्याला १,४००. पगाराची स्लिप, घरखर्च आणि ही पूर्ण वाटणी एका पानावर लिहा आणि तेच पान चौघांना एकाच दिवशी पाठवा. मी खुर्चीत असताना माझा पहिला प्रश्न असायचा, ‘दुसऱ्याला पूर्ण देतोय आणि मलाच कमी का?’ त्याचं उत्तर पानावर दिसलं की बोलणं पुढे सरकतं.

आता खरी मेख कार्डात आहे. बँकेचं ठीक आहे: ३ लाख, व्याज १४ टक्क्यांच्या आसपास असेल तर ७ हजारांत पाच वर्षांत फिटतात. पण कार्डाला महिना साडेतीन टक्के धरले तर १ लाख २० हजारांवर नुसतं व्याजच ४,२०० होतं, वर जीएसटी. तुम्ही २,८०० भरत राहिलात तर बाकी वाढतच जाणार. म्हणून कार्डवाल्यांकडे ‘हप्ता कमी करा’ एवढंच मागू नका. ‘कार्ड बंद करा, बाकीचं ठरावीक मुदतीच्या कर्जात रूपांतर करा, व्याज खाली आणा’ असं लिहा. वर्षाला १२ टक्के मिळाले तर २,८०० मध्ये पाच वर्षांच्या आत संपतं. १८ टक्क्यांवर थांबले तर जवळपास सहा वर्षं लागतात, आणि इतकी मुदत कार्डवाले सहसा देत नाहीत.

एक आधी सांगा. पगार कोणत्या बँकेत जमा होतो?

वैदेही_ऐरोली

मोठं कार्ड ज्या बँकेचं आहे, तिथेच.

देशमुख_ठाणे

मग पत्र द्यायच्या आधी पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत, जिथे तुमचं काही देणं नाही अशा ठिकाणी, एचआरकडून बदलून घ्या. कार्ड थकलं की बँक त्याच खात्यावर लियन लावते किंवा रक्कम वळती करते, आणि पहिल्या तारखेला भाड्याचे पैसे हाती येत नाहीत.

ऑटो डेबिटचंही बघा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की तुमची बँकही दंड घेते आणि कर्ज देणाराही. पुन्हा पुन्हा परत गेला तर चेक बाउन्ससारखी फौजदारी तक्रारही होऊ शकते. मँडेट बदलायची किंवा थांबवायची विनंती हप्त्याच्या तारखेआधी लेखी द्या.

वाशीच्या ऑफिसला फी देऊ नका. हप्ते थांबवले की ९० दिवसांत खातं एनपीए होतं. सेटलमेंट झालीच तर क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. तुम्हाला तर पूर्ण फेडायचंय.

मीनल_कोपरखैरणे

आणि पतसंस्थेला पूर्ण ४ हजार? १ लाखावर ४, आणि कार्डाच्या १ लाख २० हजारांवर २,८००. मी कार्डवाली असते तर मान्यच केलं नसतं.

देशमुख_ठाणे

रास्त मुद्दा आहे. पण पतसंस्थेला सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि तो जामीनदारांच्या पगारावरही चालतो. रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या माणसाच्या पगारातून कापलं जाणार. पानावर कारणासकट उघड लिहा, लपवू नका.

मीनल_कोपरखैरणे

माझ्या भावाच्या जामीनदाराने बोलणं टाकलं, ते मी पाहिलंय. तरी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना भेटून ३ हजारांवर येतात का विचारावं, असं मला वाटतं. ते हजार बाकीच्या चौघांत वाटता येतील.

वैदेही_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. पगाराचं खातं बदललं. पत्रं ईमेलने गेली आणि शाखेत पोच घेतली. मोठ्या कार्डवाल्यांनी व्याज कमी करून हप्ते बांधून द्यायची तयारी दाखवली, पण फक्त फोनवर. बँक म्हणते, अजून एकही हप्ता चुकलेला नाही, मग मुदत कशाला वाढवायची? फायनान्स कंपनीचा माणूस रात्री नऊला फोन करून पूर्ण सहा हजार मागतो.

देशमुख_ठाणे

फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. नव्या हप्त्यांचं वेळापत्रक ईमेलवर आणि पुढच्या स्टेटमेंटवर दिसेपर्यंत काही ठरलंय असं धरू नका. अनेकदा कॉल सेंटरवाला ‘हो’ म्हणतो आणि सिस्टिममध्ये जुनंच मिनिमम ड्यू चालू राहतं.

बँकेच्या ‘नाही’मागे कारण आहे. अडचणीतल्या माणसाला मुदत वाढवून दिली की बहुधा त्यांना ते खातं पुनर्रचित म्हणून खालच्या वर्गात टाकावं लागतं आणि जास्त तरतूद करावी लागते. शाखाधिकाऱ्याच्या हातात ते नसतं. प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवा म्हणावं. आणि मंजूर झालं तर क्रेडिट रिपोर्टवर तशी नोंद येईल, हे धरून चला.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जा. लोकपाल त्रास थांबवू शकतात, हप्ता कमी करून देत नाहीत. तोवर २,८०० दर महिन्याला त्यांच्या अ‍ॅपवरून भरा आणि पावत्या ठेवा. उरलेली रक्कम थकीत दिसेल आणि दंडही लागेल. मात्र एप्रिल २०२४ पासून तो दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, तेवढं स्टेटमेंटमध्ये तपासा.

रोहन.घणसोली

काका, कंपनीने ऐकलंच नाही तर?

देशमुख_ठाणे

ठाण्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवायचा अर्ज तिथे करता येतो, वकील लागतोच असं नाही. चौघांनाही एकाच तारखेला बोलवा अशी विनंती करता येते. पण तिथेही समोरच्याची संमती लागते, आणि एकदा निवाडा झाला की अपील नाही. म्हणून झेपेल तोच आकडा मान्य करा.

वैदेही_ऐरोली

अर्जासोबत तेच एक पान जोडलं तर चालेल ना? आणि पतसंस्थेलाही त्याच तारखेला बोलवावं की नको? नवरा म्हणतो, जामीनदारांना आधी विचारू.

मीनल_कोपरखैरणे

आधी जामीनदारांना विचारा, ताई. नोटीस त्यांच्या हातात पडायच्या आधी.