पोस्टरमध्ये राजी भिंतीत विरघळतेय, मदत हवी आहे

मंडळी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ गेमचा स्क्रीनशॉट घेऊन गोष्टीच्या पुस्तकातल्या रंगवलेल्या चित्रासारखं ए३ फॅन पोस्टर करतेय. क्रिटामधला Oilpaint फिल्टर मोठ्या ब्रशने लावला की महालाच्या भिंती झकास दिसतात. पण गेमचा कॅमेरा लांबचा, राजी जेमतेम दीडशे पिक्सेल उंच. तिचा चेहरा नि त्रिशूळ पार पुसले जातात. तिला वेगळ्या लेयरवर घेऊन ब्रश लहान केला, तर ती कापून चिकटवल्यासारखी वाटते. चित्र कृष्णधवल करून पाहिलं, तर तिचा आणि भिंतीचा करडेपणा जवळजवळ सारखाच! मग आधी मागची भिंत उजळवू, की राजीला मोठ्या कॅनव्हासवर हातानेच रंगवू? हाताने रंगवल्यास कडा कुठे ठळक ठेवायच्या, कुठे विरू द्यायच्या?