डबल रॅचेट 'आपोआप सावरतो' हे खरं की जाहिरात?

रात्रपाळी: सिग्नल, व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप्स मेसेज कुलूपबंद ठेवायला डबल रॅचेट ही पद्धत वापरतात, आणि कीज चोरीला गेल्या तरी ती पुढे आपोआप सावरते म्हणतात. फोनमधल्या कीज एकदा कोणी उचलल्या की खेळ संपला, असं माझं मत. चोराकडे सगळंच आल्यावर पुढचं त्याला काढता येणार नाही, हे कसं शक्य आहे?

गणित_कच्चं: अरे, प्रत्येक मेसेजला वेगळी की असते. एक गेली तर एकच मेसेज गेला.

जुनी_खोड: फक्त मेसेज की गेली तर तसं. पण मेसेज कीज ज्या चेन कीतून एकामागून एक निघतात ती गेली, तर त्या चेनच्या पुढच्या सगळ्या कीज चोरालाही काढता येतात. हे रॅचेटचं पहिलं चाक, ते उलटं फिरत नाही, म्हणून मागचे मेसेज सुरक्षित, पुढचे उघडे.

सावरतं ते दुसरं चाक, बोलण्याची पाळी बदलली की नव्या कीज आणणारं. समजा, मीराच्या फोनमधलं समीरसोबतचं सेशन, म्हणजे त्या संभाषणाच्या सगळ्या चालू कीज, सोमवारी रात्री कॉपी झालं. नंतर तिने समीरला दहा मेसेज पाठवले. दहाही चोर वाचतो. समीर उत्तर देतो, त्यासोबत त्याची नवी सार्वजनिक की येते. ते उत्तर उघडायला मीराची जुनी खासगी की पुरते आणि ती चोराकडे आहे, म्हणजे तेही गेलं. पण उत्तर उघडतानाच मीराचा फोन कीजची नवी जोडी बनवतो. तिच्यातली खासगी की चोरीच्या वेळी जन्मलेलीच नव्हती. मीराचा पुढचा मेसेज या नव्या जोडीवर चालतो आणि तिथे चोराचा धागा तुटतो.

रात्रपाळी: आणि समीरने उत्तरच दिलं नाही तर?

जुनी_खोड: मग मीराने शंभर मेसेज पाठवले तरी शंभर उघडे. इथे घड्याळ चालत नाही, बोलण्याची पाळी बदलावी लागते.

सुट्टीवर: मी फोन बदलला तेव्हा सगळ्यांना 'सिक्युरिटी कोड बदलला' असं दिसलं. ते हेच का?

जुनी_खोड: नाही, तिथे तुमची ओळख पटवणारी की बदलली. रॅचेट फिरतं ते कोणालाच दिसत नाही.

शंकेखोर: खोड, तुमचा चोर फारच सज्जन. नुसता ऐकत का बसेल? समीरचं उत्तर मधेच अडवून त्याने मीराच्या नावाने स्वतःची नवी की पाठवली, तर समीरचा फोन ती मुकाट्याने घेईल. मग सावरलं कोण? चोरच!

जुनी_खोड: मान्य. ही पद्धत बनवणाऱ्या पेरिन आणि मार्लिनस्पाइक यांच्या २०१६ च्या दस्तऐवजातही हा धोका कबूल केलाय. पण मग त्याला कायम मधे बसून राहावं लागतं. एकदा जरी हुकला, तर मीराचे खरे मेसेज समीरकडे उघडत नाहीत.

शंकेखोर: आणि न उघडल्यावर अ‍ॅप गुपचूप नवं सेशन सुरू करतं, तेव्हा तो पुरावाही पुसला जातो. अशा वेळी अ‍ॅपने ओरडायला हवं.

जुनी_खोड: बॅकअपमधून परत आलेला फोनही नेमका असाच वागतो. दर वेळी ओरडलं तर चार दिवसांत कोणी ऐकणार नाही.

शंकेखोर: ओरडू नका, पण दाखवा तरी.